‘विडल्’ या शेवटच्या शब्दापर्यंत: एक कुरळ, शब्द सुटे करून

प्रश्न: नुकतीच चेन्नईला बदली झाली. इथल्या सरकारी बसमध्ये ‘तिरुक्कुरळ’ या जुन्या तमिळ नीतिग्रंथातला एक कुरळ, म्हणजे दोन ओळींचं पद्य, लिहिलेला दिसला. ऑफिसमधल्या मित्राने वाचून दाखवला: ‘इन्नासेय्दारै ओऱुत्तल् अवर्नाण नन्नयञ्जेय्दु विडल्’. अर्थ सांगितला, ‘वाईट करणाऱ्याचं भलं करा’. दुसऱ्या एकाला विचारलं तर तो म्हणाला, ‘भलं करा आणि विसरून जा’. मला तमिळ अजिबात येत नाही, मराठीच येते. यातला कुठला शब्द काय सांगतो? आणि दोघांच्या अर्थात फरक कसा?

उत्तर:

फरक पडला तो शेवटच्या ‘विडल्’ या शब्दामुळे, आणि तो वाद तुमच्या ऑफिसमधला नाही, कित्येक शतकं जुना आहे. त्याच्याकडे येतेच. पण त्याआधी एक सांगते: तुमच्या दोन्ही मित्रांनी एक अख्खा शब्द गाळलाय. या कुरळात ‘शिक्षा’ हा शब्द आहे, तोही पहिल्याच ओळीत. मूळ वाक्य ‘भलं करा’ असं सांगतच नाही. ते शिक्षेची व्याख्या करतं.

मी मराठी माणसांना तमिळ शिकवते, आणि व्याकरणाची तोंडओळख झाली की सहसा हाच कुरळ घेते. शब्द थोडे आहेत, त्यातले बरेच रोजच्या बोलण्यातले आहेत, आणि मराठीतून तमिळकडे येणाऱ्याला इथे एक आयता फायदा आहे जो इंग्रजीतून येणाऱ्याला मिळत नाही. तो कोणता, ते ‘विडल्’पाशी कळेल.

तिरुक्कुरळात १३३ अधिकार म्हणजे प्रकरणं, आणि प्रत्येकात दहा कुरळ. हा ३१४ क्रमांकाचा. प्रकरणाचं नाव ‘इन्ना सेय्यामै’, म्हणजे दुसऱ्याला दुखावेल असं न करणं. छापील पुस्तकात तो असा दिसतो:

इन्नासेय् दारै ओऱुत्तल् अवर्नाण
नन्नयञ् जेय्दु विडल्

पहिल्या ओळीत चार तुकडे, दुसरीत तीन. प्रत्येक कुरळ असाच असतो. या तुकड्यांना तमिळमध्ये ‘सीर’ म्हणतात आणि ते छंदाचे तुकडे आहेत, शब्दांचे नाहीत. नवशिका पहिल्यांदा अडखळतो तो इथेच. ‘दारै’ हा सुटा शब्द समजून तो कोश उघडतो, तर तिथे ‘तारै’ म्हणजे पाण्याची धार असा अर्थ मिळतो. (तमिळ लिपीत त आणि द यांना एकच अक्षर आहे, म्हणून हा घोटाळा आणखी सोपा होतो.) मग धारेचा आणि शिक्षेचा संबंध जुळवत बसायचं. प्रत्यक्षात ‘सेय्दारै’ हा एकच शब्द आहे आणि छंदासाठी तो मधोमध कापलाय. तोडणी बरोबर आहे की नाही हे शेजारचे कुरळ बघून ताडता येतं. ३१२ मध्ये ‘इन्ना सेय्द’ आणि ३१३ मध्ये ‘इन्नाद सेय्द पिन्’ अशी तीच जोडी लागोपाठ येते, म्हणजे ‘इन्ना’ आणि ‘सेय्’ हे या प्रकरणात हातात हात घालूनच चालतात.

तर आता शब्द.

इन्ना. ‘इन्’ म्हणजे गोडी, सुखदपणा. ‘इनिय’ म्हणजे गोड, प्रिय. त्याचंच नकारी रूप ‘इन्ना’: जे गोड नाही, जे लागतं, बोचतं. ‘पाप’ किंवा ‘दुष्कर्म’ असं भाषांतर केलं की शब्द एकदम धर्मशास्त्रात जाऊन बसतो. ‘इन्ना’ कृत्य मोजतं ते सोसणाऱ्याच्या बाजूने. करणाऱ्याचा हेतू काय होता याबद्दल तो शब्द गप्प आहे. कुणाला मारणं हे जसं इन्ना, तसं चारचौघांत पाणउतारा करणं हेही इन्ना. १०० व्या कुरळात हीच जोडी बोलण्याबद्दल येते: गोड शब्द असताना कडू बोलणं म्हणजे पिकलेलं फळ समोर असताना कच्चं तोडून खाणं.

सेय्दारै. हा एक शब्द म्हणजे मराठीचे तीन. ‘सेय्’ म्हणजे कर. ‘द्’ ही भूतकाळाची खूण. ‘आर्’ म्हणजे माणसं. ‘ऐ’ म्हणजे आपला ‘ला’ किंवा ‘ना’. सगळं मिळून ‘ज्यांनी केलं त्यांना’. आपल्याला जे-तेची जोडी लागते, तमिळ ते काम प्रत्ययांवर भागवतं.

यातला ‘द्’ दिसायला किरकोळ आहे, पण अर्थाच्या दृष्टीने मोठा आहे. तो नसता आणि ‘सेय्वारै’ असतं, तर ‘जे करतात किंवा करतील त्यांना’ असं झालं असतं. इथे इजा होऊन गेलेली आहे. दारात काठी घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं काय करायचं, हा या कुरळाचा विषय नाही. ‘म्हणजे मार खात राहायचं का?’ हा प्रश्न वर्गात दर वेळी येतो आणि त्याचं निम्मं उत्तर या एका व्यंजनात आहे. उरलेलं निम्मं पुढच्या शब्दात.

ओऱुत्तल्. सुरुवातीचा ओ आखूड म्हणायचा, आणि ऱ जरा ठसक्यात. ‘ओऱु’ म्हणजे दंड करणे, शिक्षा करणे. ‘तल्’ लावलं की क्रियापदाचं नाम होतं, जसं मराठीत ‘णे’: शिक्षा करणे. हा शब्द मवाळ नाही. तो किती कडक आहे हे बघायचं असेल तर ५५० वा कुरळ बघा. राज्यकारभाराच्या भागात तिथे ‘वेंदोऱुत्तल्’ असा शब्द येतो, म्हणजे वेंदु (राजा) अधिक ओऱुत्तल्. अर्थ असा की खुनासारखी क्रूर कृत्यं करणाऱ्यांना राजाने शिक्षा करणं म्हणजे हिरव्या पिकातलं तण काढणं. तेच पुस्तक, तोच शब्द, आणि तिथे शिक्षा म्हणजे शिक्षाच.

म्हणून ३१४ वाचून ‘कुरळ सांगतो चोराला सोडून द्या’ असं कुणी म्हणालं तर त्याच्यापुढे ५५० ठेवावा. राजाचं काम वेगळं. ३१४ हा पुस्तकाच्या पहिल्या, धर्माच्या भागात आहे आणि त्यातही संन्यस्त माणसाच्या वर्तनाच्या प्रकरणांत. कुरळात कर्ताच दिलेला नाही, शिक्षा ‘कोणी’ करायची ते लिहिलेलं नाही. तेराव्या शतकातला टीकाकार परिमेलऴगर ती जागा ‘तुऱंदार्’ म्हणजे संसार सोडलेले या शब्दाने भरतो. आज तो बसमध्ये लिहिला जातो तेव्हा अर्थातच तो संसारी माणसालाच उद्देशून असतो, आणि त्याला माझी हरकत नाही. फक्त न्यायाधीशाला तो उद्देशून नाही, एवढं लक्षात असू द्यावं.

अवर्. म्हणजे ते. तमिळमध्ये ‘अवन्’ म्हणजे तो, आणि ‘अवर्’ हे अनेकवचन आणि आदरार्थी दोन्ही, अगदी आपल्या ‘ते’सारखं. दुखावणाऱ्यालाही ‘ते’ म्हटलंय, किती हे औदार्य, असं काही जण इथे रंगवून सांगतात. मी तितकं ताणत नाही. कुरळात सामान्य माणसांबद्दल बोलताना असं अनेकवचन जागोजागी येतं.

नाण. हा शब्द सावकाश घ्यायला हवा. ‘नाणु’ म्हणजे लाजणे, ओशाळणे. पण ही लाजाळू मुलीची लाज नव्हे. नाण् या विषयावर कुरळात स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यातला पहिलाच, १०११ वा, हा फरक आधी करून टाकतो: आपल्या कृत्यामुळे वाटते ती लाज म्हणजे नाण्, सुंदर स्त्रियांचं लाजणं ते वेगळं. त्याच प्रकरणाच्या शेवटी, १०२० मध्ये, ज्यांच्या आत नाण् नाही त्यांचं हिंडणं-फिरणं म्हणजे दोरीवर नाचणाऱ्या लाकडी बाहुलीने जिवंत असल्याचा भास करून देणं, असं म्हटलंय. तमिळमध्ये दोरीलाही ‘नाण्’च म्हणतात, म्हणून तिथे तो शब्द दुहेरी काम करतो.

मराठीत यासाठी मला ‘मनाला लागणं’, ‘ओशाळणं’ हे शब्द जवळचे वाटतात. पण शब्दापेक्षा रूप महत्त्वाचं. ‘नाणु’ हे अकर्मक आहे: लाजणे. ‘लाजवणे’ नाही. लाजणारा स्वतः लाजतो, तुम्ही त्याला लाजवत नाही. मराठी माणसाला ‘लाजणे’ आणि ‘लाजवणे’ यातलं अंतर समजावून सांगावं लागत नाही, पण भाषांतरात तेच सगळ्यात आधी हरवतं. टॉल्स्टॉयने १९०८ साली एका भारतीय क्रांतिकारकाला लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात याच प्रकरणातले काही कुरळ उद्धृत केले, त्यात हाही होता. गांधीजींनी १९०९ मध्ये ते पत्र गुजरातीत आणलं. त्यात या कुरळाचा आशय साधारण असा येतो: वाईट करणाऱ्यांची शिक्षा म्हणजे त्यांच्यावर मोठा उपकार करून त्यांना स्वतःची लाज वाटायला लावणं. ‘शिक्षा’ टिकली, हे चांगलं झालं. पण ‘लाजणे’चं ‘लाज वाटायला लावणे’ झालं आणि कर्ता बदलला. शिवाय ‘विडल्’चा मागमूसही उरला नाही.

आता ‘नाणु’च्या शेवटी ‘अ’ आला, ‘नाण’ झालं. हा प्रत्यय तमिळमध्ये अनेक कामं करतो. हेतू सांगतो (‘लाजावं म्हणून’), परिणाम सांगतो (‘लाजतील असं’), आणि कधी नुसती सोबतची परिस्थिती सांगतो. मघाच्या १०० व्या कुरळात ‘कनि इरुप्प’ आहे, म्हणजे ‘फळ असताना’, तिथे हाच प्रत्यय आहे आणि हेतूचा लवलेशही नाही. म्हणून ‘अवर् नाण’ याचं ‘त्यांना लाज वाटावी म्हणून’ हे एकमेव भाषांतर नाही. ‘त्यांचे ते ओशाळतील असं’ हेही तितकंच बसतं. मी दुसरं घेते, आणि त्याचं कारण पुढच्या शब्दांत आहे. पहिला अर्थ घेतला तर उपकार हे सूड उगवण्याचं सभ्य हत्यार होतं, आणि मग शेवटच्या शब्दाशी त्याचं जमत नाही.

नन्नयम्. ही ‘नल्’ आणि ‘नयम्’ यांची संधी. ल् च्या पुढे न आला आणि दोन्ही मिळून न्न झाले. शाळेत जगत् अधिक नाथ म्हणजे जगन्नाथ असं शिकलात, त्याच घरातली चाल आहे. पुढे ‘सेय्दु’ आल्यामुळे शेवटच्या म् चा ञ् झाला, जसा सम् अधिक चय याचा सञ्चय होतो, आणि ‘सेय्दु’ उच्चारात ‘जेय्दु’ झालं. तमिळमध्ये च, स, ज या उच्चारांना अक्षर एकच असल्यामुळे लिहिताना यातलं काही दिसत नाही.

‘नल्’ म्हणजे चांगलं. ‘नयम्’ला मात्र जपा. संस्कृतातला ‘नय’, म्हणजे नीती, न्याय, तो हा नव्हे. तमिळ ‘नय’ या धातूत आवडणं, ओढ वाटणं आहे, आणि ‘नयम्’ म्हणजे समोरच्याला हवंसं वाटेल, सुखावेल असं काही. परिमेलऴगर त्याचा अर्थ आनंद देणाऱ्या गोष्टी असाच घेतो. म्हणजे ‘नन्नयम् करणे’ हे ‘योग्य ते करणे’ नाही, ‘त्याच्या भल्यासाठी म्हणून चार शब्द सुनावणे’ तर मुळीच नाही. मराठी वाचक इथे हमखास घसरतो, कारण ‘नय’ त्याला ओळखीचा वाटतो.

कानाला एक गोष्ट जाणवली असेल. पहिली ओळ ‘इन्ना’ने सुरू होते, दुसरी ‘नन्न’ने. आपलं यमक ओळीच्या शेवटी जुळतं, तमिळमध्ये ते ओळीच्या सुरुवातीला, दुसऱ्या अक्षरावर जुळतं, त्याला ‘एदुगै’ म्हणतात. इथे जुळणी झालीय ती बोचणाऱ्या आणि सुखावणाऱ्या गोष्टीची. आणि दोन्हींचं क्रियापदही एकच, ‘सेय्’: त्यांनी ते केलं, तुम्ही हे केलंत.

सेय्दु. म्हणजे ‘करून’. सरळ आहे.

विडल्. ‘विडु’ म्हणजे सोडणे, ‘अल्’ म्हणजे पुन्हा ‘णे’. सोडणे. आणि वाक्य संपलं. ‘म्हणजे’, ‘होय’, ‘आहे’ काही नाही. एका बाजूला ‘ओऱुत्तल्’, दुसऱ्या बाजूला ‘विडल्’, दोन नामं समोरासमोर: इन्ना करणाऱ्यांना शिक्षा करणे (म्हणजे) त्यांचे ते ओशाळतील असं नन्नयम् करून सोडणे.

‘करून सोडणे’. इथे तुमचा मराठीचा फायदा. मराठीत ‘सोडणे’ हे दोन तऱ्हांनी वापरतात. ‘त्याने नोकरी सोडली’ यात ते पूर्ण क्रियापद आहे. ‘पोरांनी हैराण करून सोडलं’ यात काहीच सुटलेलं नाही, उलट काम पुरतं केलंय, तडीस नेलंय. समर्थांचं ‘शहाणे करून सोडावे’ याच दुसऱ्या प्रकारचं. तमिळ ‘विडु’चेही हेच दोन उपयोग आहेत, आणि दुसरा तुम्ही चेन्नईत दिवसभर ऐकता. कुणी फोनवर ‘वंदुट्टेन्’ म्हणतो, ते ‘वंदु विट्टेन्’चं झिजलेलं रूप: ‘येऊन सोडलं’, म्हणजे आलोच, पोहोचलो. ‘पोयिट्टार्’ म्हणजे गेले, ते ‘पोय् विट्टार्’. त्या ‘ट्ट’मध्ये हाच ‘विडु’ लपलाय.

मग कुरळातलं ‘सेय्दु विडल्’ कुठल्या प्रकारचं? इथे टीकाकारांच्या वाटा फुटतात. जुना टीकाकार मणक्कुडवर ते सहायक क्रियापद धरतो: सुखावणारं असं करून टाका. त्याच्या मते कुरळाचं म्हणणं एवढंच की नुसतं सोसून थांबू नये, पुढे जाऊन गोड काही करावंही. परिमेलऴगर ‘विडल्’ला पूर्ण क्रियापद मानतो. काय सोडायचं? दोन्ही. त्यांनी केलेलं इन्ना आणि आपण केलेलं नन्नयम्, दोन्ही विसरायचं. कारणही देतो: यातलं काही मनात राहिलं तर ते पुन्हा फुटून वर येतं. रोपाला धुमारे फुटतात तेव्हाचं क्रियापद त्याने वापरलंय.

नंतरच्या लोकांनी आपापली निवड केली. जी. यू. पोप यांच्या १८८६ च्या इंग्रजी पद्यानुवादात झालेलं वाईट मनावर घेऊ नये असं येतं, पण आपण केलेलं भलं विसरण्याबद्दल काही नाही. मु. वरदराजन यांची आधुनिक तमिळ टीका घरोघरी असते, तिच्यात परिमेलऴगरप्रमाणे दोन्ही विसरणं आहे. मु. करुणानिधी यांनी सोप्या तमिळमध्ये जो अर्थ दिलाय त्यात विसरण्याचा उल्लेखच नाही, मान खाली जाईल असं भलं करणं हीच योग्य शिक्षा, एवढ्यावर तो थांबतो. तुमच्या पहिल्या मित्राचा अर्थ या शेवटच्या रांगेत बसतो, दुसऱ्याचा वरदराजन यांच्या.

तिन्ही वाचनांत फरक नेमका किती, हे एका प्रसंगावर घासून बघू. चेन्नईत राहता तर पाण्याचाच घ्या. समजा, मार्चमध्ये शेजारच्या इमारतीच्या सेक्रेटरीने तुमच्या इमारतीसाठी आलेला टँकर गेटवरून परत पाठवला. तुम्ही चार बादल्यांवर दिवस काढलात. मेमध्ये त्यांच्या बोअरची मोटर जळाली आणि तुमची जमिनीखालची टाकी भरलेली होती.

३१२ आणि ३१३ हे दोन कुरळ तुम्हाला एवढंच सांगतात की उलट वार करू नका, म्हणजे त्यांचा टँकर तुम्ही अडवू नका. ३१४ त्याच्या पुढचं पाऊल आहे. मणक्कुडवरच्या वाचनाने तुम्ही पाइप जोडून पाणी देता, आणि देता ते पुरतं. अर्धी टाकी देऊन ‘बाकीचं उद्या बघू’ असं नाही. ‘करून टाकणे’ याचा जोर तो. पोप यांच्या वाचनाने तुम्ही पाणी देता आणि मार्चचा टँकर मनातून काढून टाकता. पण मेमध्ये पाणी दिल्याची आठवण ठेवायला तिथे मनाई नाही. परिमेलऴगरच्या वाचनाने तीही जाते. ती गेली की नाही हे कसं कळणार? जुलैमध्ये दोन्ही इमारतींची पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरून बैठक होते, वाद वाढतो, आणि तुमच्या तोंडून निघतं, ‘मे महिन्यात पाणी कोणी दिलं होतं, विसरलात का?’ झालं. धुमारा फुटला. त्या क्षणी मेचं पाणी उसनवारी ठरलं, आणि सेक्रेटरीही ओशाळायचं सोडून हिशेब मांडायला लागणार: टँकर परत पाठवला त्याला काय कारण होतं, वगैरे.

माझा कौल परिमेलऴगरकडे झुकतो तो यामुळे. त्यांचं ते ओशाळणं ही सगळ्या कुरळातली एकमेव शिक्षा आहे, आणि तुम्ही आठवण करून दिलीत की ती थांबते. ‘नाण’ हे अकर्मक राहायचं तर ‘विडल्’ हे खरोखरचं सोडणं असावं लागतं. व्याकरणाने मात्र हा निकाल लागत नाही, हेही सांगायला हवं. ‘सेय्दु विडल्’ दोन्हीकडे नीट बसतं, आणि मणक्कुडवर काही चुकत नाही. दोन ओळींत ‘दोन्ही विसरा’ असं लिहिलेलं कुठेही नाही, ते सगळं एका ‘विडल्’मधून काढलेलं आहे. छंदाच्या नियमाने शेवटचा सीर छोटाच असावा लागतो. ‘वि-डल्’ त्या जागी बरोबर बसतो, त्यामुळे कवीला काय सोडायचं ते सांगायला जागाही नव्हती.

‘अल्’ या प्रत्ययाबद्दल आणखी एक सावधगिरी. मी तो ‘णे’ असा घेतला, पण जुन्या तमिळमध्ये त्याच ‘अल्’ने आज्ञाही होते, आणि गंमत म्हणजे ‘कर’ आणि ‘करू नको’ दोन्ही होतात. १९६ व्या कुरळात ‘एनल्’ दोनदा येतो: पोकळ बोलण्याचं कौतुक करणाऱ्याला माणूस ‘म्हणू नका’, माणसांतलं फोल ‘म्हणा’. एकच रूप, आधी नकार, मग होकार. संदर्भावरून ओळखायचं. मणक्कुडवर ‘विडल्’ आज्ञार्थी घेतो, ‘करून टाका’ असा. पण त्यासमोर ‘ओऱुत्तल्’ नाम म्हणून उभा आहे, म्हणून मी दोन्ही नामंच धरते. तसं केलं की वाक्य उपदेश न राहता व्याख्या होतं, आणि व्याख्याच जास्त बोचते असं मला वाटतं. ‘शिक्षा करू नका’ म्हटलं की माणूस वाद घालतो. इथे कुरळ म्हणतो, करा ना शिक्षा, फक्त शिक्षा म्हणजे काय ते ऐकून घ्या.

मराठीत मी तो वर्गात असा सांगते:

दुखावून गेलेल्यांना शिक्षा करणं म्हणजे
त्यांचे ते ओशाळतील असं गोड काही करून सोडून देणं.

यात ‘करून’ आणि ‘सोडून देणं’ मुद्दाम शेजारी ठेवलेत, म्हणजे ‘करून सोडणं’ही कानात वाजतं आणि ‘सोडून देणं’ही. इन्ना आणि नन्नचं यमक मात्र हाती लागलेलं नाही, आणि मूळ सात सीरांचे इथे दुप्पट शब्द झालेत. ‘गोड’ हा शब्दही ‘नन्नयम्’साठी थोडा हलका पडतो. त्याऐवजी ‘भलं’ घातलं तर सुखावण्याची छटा जाते आणि पुन्हा ‘त्याच्या भल्यासाठी’ची वाट मोकळी होते, म्हणून ‘गोड’च ठेवलंय.